ऑर्डर ब्लॉक, एफव्हीजी आणि 9:17 ची कँडल

प्रश्न: निफ्टी फ्युचर्समध्ये 5 मिनिटांच्या चार्टवर ऑर्डर ब्लॉक आणि फेअर व्हॅल्यू गॅप बघून ट्रेड करतोय. चार्ट मागे सरकवून पाहिलं की जवळपास प्रत्येक गॅप भरलेली दिसते, ब्लॉकवरून भाव उसळलेला दिसतो. लाइव्ह घेतलं की पैसे जातात. माझं काही चुकतंय की हे सगळंच थोतांड आहे?

उत्तर:

तुमची दोन निरीक्षणं एकमेकांत मिसळली आहेत, आधी ती सुटी करू. गॅप भरते, हे एक. गॅपवर घेतलेल्या ट्रेडमध्ये पैसे मिळतात, हे दुसरं. पहिलं शंभर टक्के खरं असूनही दुसरं खोटं असू शकतं आणि त्यात विसंगती काहीच नाही. क्लासवाले पहिलं दाखवतात आणि ऐकणारा दुसरं गृहीत धरतो.

मी बरीच वर्षं एका ब्रोकिंग हाउसच्या संस्थात्मक डेस्कवर डीलर होतो, म्हणजे म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्यांच्या ऑर्डरी बाजारात उतरवायचं काम. आता ट्रेडिंगचे नियम डेटावर तपासून देतो. त्यामुळे पुढचं सगळं निफ्टी फ्युचर्स आणि एनएसईच्या संदर्भात आहे. फॉरेक्स किंवा क्रिप्टोत ऑर्डरींची रचना निराळी असते, तिथे काही मुद्दे बदलतील. टाइमफ्रेम बदलली तर आकडेही बदलतील, युक्तिवाद मात्र तोच राहील.

व्याख्या एकदा पक्क्या करू, कारण अर्धा वाद त्यातच असतो. या संज्ञा आज ज्या अर्थाने वापरतात त्या अमेरिकेतल्या मायकेल हडलस्टन यांनी ‘इनर सर्कल ट्रेडर’ या नावाने पसरवल्या. मुळात कल्पना जुन्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वायकॉफ मोठ्या खेळाडूंच्या साठवणुकीबद्दल लिहीत होते, आणि सप्लाय-डिमांड झोन काढणारे लोक स्मार्ट मनी, म्हणजे मोठ्या संस्थांचा पैसा, हे नाव गाजण्याच्या आधीपासून आहेत. बुलिश फेअर व्हॅल्यू गॅप, थोडक्यात एफव्हीजी, म्हणजे सलग तीन कँडलमध्ये तिसरीचा लो पहिलीच्या हायच्या वर असणं. त्या दोन विकांच्या, म्हणजे कँडलच्या टोकाच्या बारीक रेघांच्या, मधला पट्टा ही गॅप. बुलिश ऑर्डर ब्लॉक म्हणजे जोरदार चढाई सुरू होण्याआधीची शेवटची लाल कँडल, आणि त्या चढाईने आधीचा स्विंग हाय तोडलेला असला पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी बनवलेले आहेत, पण रोज दिसणारेच आहेत. पहिली कँडल लाल, हाय 24,820 आणि लो 24,798. दुसरी मोठी हिरवी, 24,803 ला उघडून 24,864 ला बंद. तिसरीचा लो 24,838 आणि क्लोज 24,880. म्हणजे 24,820 ते 24,838 ही 18 पॉइंटची गॅप आणि तिच्याखाली पहिली लाल कँडल हा ब्लॉक. पुस्तकी सेटअप.

आता भाव 24,880 वर आहे. गॅपची वरची कड 42 पॉइंट खाली, खालची कड 60 पॉइंट खाली. समजा त्या काळात 5 मिनिटांच्या क्लोज-टू-क्लोज हालचालीचं प्रमाण विचलन 15 पॉइंट आहे. बाजार 9:15 ते 3:30 चालतो, म्हणजे 375 मिनिटं, म्हणजे 5 मिनिटांच्या 75 कँडल. प्रश्न असा की, बाजार निव्वळ छापा-काटा असेल, कुणी स्मार्ट मनी नाही, कुणाच्या ऑर्डरी मागे राहिलेल्या नाहीत, तर पुढच्या 75 कँडलमध्ये भाव त्या गॅपला शिवण्याची शक्यता किती? त्याचं सूत्र सोपं आहे:

```
P = 2 × (1 − Φ(d / (σ√N)))
```

d म्हणजे अंतर, σ म्हणजे एका कँडलचं विचलन, N म्हणजे कँडलची संख्या, Φ म्हणजे नॉर्मल वितरणाचा तक्ता. 42 पॉइंटसाठी उत्तर येतं सुमारे 75 टक्के. पूर्ण गॅप भरण्यासाठी, म्हणजे 60 पॉइंटसाठी, सुमारे 64 टक्के. आणि ही फक्त पुढच्या 75 कँडलची गोष्ट. तुम्ही चार्ट मागे सरकवता तेव्हा आठवडाभराचा अवधी डोळ्यांसमोर असतो. N वाढवत न्या, शक्यता शंभराकडे सरकत जाते. छापा-काट्यावर चालणारा भाव पुरेसा वेळ दिला की कुठल्याही जवळच्या पातळीवर परत येतोच. मग ती पातळी गॅपची असो की तुमच्या गाडीच्या नंबरप्लेटवरची.

खरा बाजार हुबेहूब छापा-काटा नसतो. मोठ्या कँडलनंतर काही वेळ चढउतार जास्त राहतो, टोकाच्या हालचाली नॉर्मल वितरणापेक्षा जास्त वेळा येतात, दुपारी बारा ते दीड बाजार झोपतो. म्हणून 75 हा आकडा अंतिम सत्य मानू नका. मोजायला घेताना शून्य कुठे लावायचं, एवढ्यासाठीच तो आहे. कुणी ‘माझ्या 80 टक्के एफव्हीजी भरतात’ म्हणालं, तर त्याने शून्याच्या वर फार काही दाखवलेलं नसतं.

आता दुसरं निरीक्षण, पैशाचं. याच सेटअपवर ट्रेड लावू. 24,838 ला खरेदीची लिमिट, स्टॉपलॉस ब्लॉकच्या लोच्या खाली 24,796. जोखीम 42 पॉइंट. टार्गेट दुप्पट, म्हणजे 84 पॉइंट वर, 24,922. छापा-काट्याच्या बाजारात एक पट स्टॉपच्या आधी दोन पट टार्गेट लागण्याची शक्यता बरोबर एक तृतीयांश असते, 33 टक्के. तीनात एकदा 84 मिळाले, दोनदा 42 गेले, हिशेब शून्य. मग खर्च येतो. ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचं शुल्क, जीएसटी, स्टॅम्प ड्युटी आणि स्लिपेज मिळून जाऊन-येऊन हिशेबापुरते 10 पॉइंट धरू. तुमचा खरा आकडा काँट्रॅक्ट नोट काढून मोजा, बहुतेकांनी तो कधी मोजलेला नसतो. आता जिंकलं तर 74, हरलं तर 52. ना नफा ना तोटा व्हायला 126 पैकी 52, म्हणजे 41 टक्के वेळा जिंकायला हवं.

तर पद्धतीला सिद्ध करायचं आहे ते हे: 33 ऐवजी 41 च्या वर. तुमचं खरं कोडं या आठ टक्क्यांचं आहे. गॅप भरली की नाही याचा या आठ टक्क्यांशी संबंधच नाही, कारण गॅप भरणं ही फक्त एंट्री आहे. ती भरल्यावर भाव तिथून वळतो की थेट स्टॉपवर जातो, हा वेगळा प्रश्न आहे. चार्ट मागे सरकवताना तुम्हाला उसळलेले ब्लॉक दिसतात, कारण मोडलेल्या ब्लॉकवरून डोळा सरळ पुढे जातो. तिथे काही घडलेलंच दिसत नाही, नुसती एक घसरण दिसते.

मोडलेल्यांची सोय पद्धतीतच करून ठेवली आहे, हेही लक्षात घ्या. ब्लॉक टिकला तर ऑर्डर ब्लॉक, मोडला तर ‘ब्रेकर’. गॅप टिकली तर एफव्हीजी, मोडली तर ‘इन्व्हर्स एफव्हीजी’. भाव आधी खाली जाऊन स्टॉप उडवून वर गेला तर ‘लिक्विडिटी स्वीप’. प्रत्येक संज्ञा सुटी घेतली तर ठीक आहे. पण सगळ्या एकत्र खिशात असतील तर असा कुठलाही चार्ट उरत नाही की ज्यावर पद्धत चुकली असं म्हणता येईल. पैसे मात्र गेलेले असतात.

आता त्यामागची गोष्ट, म्हणजे ‘मोठ्यांच्या ऑर्डरी तिथे अर्धवट राहिल्या आहेत, त्या पूर्ण करायला भाव परत येतो’. डेस्कवर बसून गेलेल्या माणसाला ही गोष्ट पटणं जरा अवघड जातं. का ते सांगतो.

समजा एका फंडाला एका मिडकॅप शेअरचे 6 लाख शेअर घ्यायचे आहेत आणि त्या शेअरची रोजची उलाढाल 20 लाख शेअरची आहे. फंडाच्या डीलरकडून निरोप येतो तो साधारण असा: व्हॉल्यूमच्या 12 टक्क्यांच्या वर जाऊ नका, अमुक भावाच्या वर घेऊ नका, व्हीवॅपशी, म्हणजे दिवसभराच्या व्हॉल्यूमनुसार काढलेल्या सरासरी भावाशी, तुलना करणार. म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त 2 लाख 40 हजार शेअर, काम अडीच दिवसांचं. ही ऑर्डर अल्गोमध्ये घालतात. तो तिचे बारीक तुकडे करतो आणि दिवसभर शिंपडत राहतो. लाल कँडलमध्येही थोडे घेतो, हिरवीतही घेतो, गॅप पडली त्या मधल्या मोठ्या कँडलमध्येही घेतो. एका कँडलमध्ये मोठ्यांनी भरून घेतलं असं दृश्य आम्ही टाळायचो. कारण तसं झालं तर भाव आपल्याच ऑर्डरीने वर जातो आणि संध्याकाळी फंडाचा फोन येतो.

मग उरलेली ऑर्डर कुठे असते? एक्स्चेंजच्या ऑर्डर बुकात तर नक्कीच नसते. एनएसईवर लावलेली डे ऑर्डर त्या दिवशी पूर्ण झाली नाही तर बाजार बंद होताना रद्द होते. ब्रोकरच्या ॲपमधली जीटीटी तुमच्या ब्रोकरच्या सर्व्हरवर पडून असते, ट्रिगर लागला की मगच एक्स्चेंजकडे जाते. म्हणजे मंगळवारच्या ब्लॉकमध्ये ‘राहिलेली’ ऑर्डर गुरुवारी तिथेच वाट बघत उभी आहे, हे शब्दशः शक्य नाही. फंडाच्या डीलरच्या मनात ती असू शकते, पण त्याची तुलना व्हीवॅपशी होणार असते. दोन दिवसांपूर्वीच्या एका लाल कँडलच्या लोशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

तुम्ही फ्युचर्सचा चार्ट बघता, हे बरं आहे. पुष्कळ लोक निफ्टी स्पॉटच्या चार्टवर ऑर्डर ब्लॉक काढतात. स्पॉट निफ्टी हा 50 शेअरांच्या भावांवरून काढलेला आकडा आहे. त्याला ऑर्डर बुक नाही, तिथे कुणी कधी ऑर्डर लावलेलीच नाही. आणि खरेखुरे ब्लॉक डील होतात ते तर वेगळ्या खिडकीत, सकाळी 8:45 ते 9 आणि दुपारी 2:05 ते 2:20. 5 मिनिटांच्या लाल कँडलशी त्यांचा संबंध नाही.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोक बघतात. एफव्हीजीला ‘इथे व्यवहारच झाले नाहीत’ असं समजावलं जातं. आपल्या उदाहरणातली दुसरी कँडल 24,803 वरून 24,864 ला गेली, म्हणजे 24,820 ते 24,838 मधून गेलीच. तिथे व्यवहार झाले. फक्त शेजारच्या दोन कँडलच्या विका तिथे पोचल्या नाहीत, एवढंच. 1 मिनिटाचा चार्ट लावा, बऱ्याचदा तीच जागा भरलेली दिसेल. टिक चार्टवर तर उरतच नाही. व्यवहाराशिवायची खरी गॅप आपल्याकडे मुख्यतः सकाळच्या ओपनिंगला असते.

यातूनच एक चाचणी निघते, आणि ती मी कुठल्याही कँडलवाल्या पद्धतीला सगळ्यात आधी लावतो. तुमची 5 मिनिटांची कँडल 9:15, 9:20, 9:25 अशी का सुरू होते? बाजार 9:15 ला उघडतो आणि चार्टवाल्याने तिथून पाच-पाच मिनिटं मोजली म्हणून. बाजारातल्या पैशाला त्या रेषा दिसत नाहीत. मग 1 मिनिटाचा डेटा घेऊन कँडल 9:17, 9:22, 9:27 अशा बनवल्या तर? मोठ्यांचा ठसा खरा असेल तर महत्त्वाच्या गॅप आणि ब्लॉक थोड्या फार फरकाने तिथेच दिसायला हवेत. पायथनमध्ये हे काम असं होतं. `m1` हा 1 मिनिटाचा डेटा आहे, वेळ इंडेक्समध्ये:

```python
import pandas as pd

agg = {'open':'first','high':'max','low':'min','close':'last'}
a = m1.resample('5min').agg(agg).dropna()
b = m1.between_time('09:17', '15:29').resample('5min', offset='2min').agg(agg).dropna()

def bull_fvg(d):
    day = pd.Series(d.index.date, index=d.index)
    hit = (d['low'] > d['high'].shift(2)) & (day == day.shift(2))
    return pd.DataFrame({'bot': d['high'].shift(2),
                         'top': d['low']})[hit]
```

`bull_fvg(a)` आणि `bull_fvg(b)` शेजारी ठेवून बघा. मोठ्या बातमीच्या हालचाली दोन्हीकडे राहतील. छोट्या गॅप मात्र एकीकडे असतील, दुसरीकडे नसतील, किंवा कडा सरकलेल्या असतील. ब्लॉकची अवस्था तर अजून नाजूक. ‘शेवटची लाल कँडल’ कोणती, हे दोन मिनिटं सरकवल्यावर सहज बदलतं, आणि तिच्याबरोबर तुमचा स्टॉपलॉसही. ज्या पट्ट्यावर तुम्ही 42 पॉइंट लावणार तो घड्याळाच्या काट्यावर अवलंबून असेल, तर त्याला संस्थांचा ठसा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मग सगळंच थोतांड का? नाही, आणि इथे थोडं सावकाश जायला हवं. बाजारात ऑर्डरी काही भावांपाशी गोळा होतात याला चांगला पुरावा आहे. न्यूयॉर्क फेडमध्ये असताना कॅरोल ऑस्लर यांनी 1996 ते 1998 या काळातला डॉलरच्या विनिमय दरांचा डेटा घेतला. परकीय चलनातल्या सहा संस्था ग्राहकांना रोज सपोर्ट आणि रेझिस्टन्सच्या पातळ्या पाठवत असत, त्या पातळ्यांवर भाव खरोखर थबकतो का हे त्यांनी तपासलं. 2000 साली त्यांचा निष्कर्ष आला की थबकतो, स्वैरपणे निवडलेल्या पातळ्यांपेक्षा जास्त वेळा. मला त्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो तो ही तुलना. कारण स्वैर निवडलेल्या पातळ्यांवरूनही भाव निम्म्याहून जास्त वेळा उलटत होता. तुलना नसती तर कुठलीही रेघ सपोर्ट ठरली असती.

2003 च्या लेखात त्यांनी एका मोठ्या बँकेकडच्या प्रत्यक्ष स्टॉपलॉस आणि टेक-प्रॉफिट ऑर्डरी पाहिल्या. टेक-प्रॉफिट गोल आकड्यांवर दाटलेले असतात, तर स्टॉप त्या आकड्यांच्या जरा पलीकडे. त्यामुळे गोल आकड्यावर भाव वळू शकतो, आणि तो तोडला तर पुढे वेग घेऊ शकतो. ‘लिक्विडिटी’ची जी भाषा स्मार्ट मनीवाले बोलतात तिच्यातला खरा गाभा हा आहे. पण हा पुरावा गोल आकड्यांचा आहे, परकीय चलनाचा आहे आणि अडीच दशकांपूर्वीचा आहे. तो शेवटच्या लाल कँडलला आपोआप लागू होत नाही.

दुसरी भक्कम गोष्ट अशी की मोठ्या ऑर्डरी तुकड्यांत येत असल्याने खरेदीमागून खरेदी, विक्रीमागून विक्री येण्याची प्रवृत्ती ऑर्डरींच्या प्रवाहात असते. लिलो आणि फार्मर यांनी 2004 मध्ये लंडनच्या बाजारात ते दाखवलं आणि नंतर अनेकांनी इतर बाजारांत. म्हणजे संस्थांची सावली खरीच असते, पण ती कालावधीवर पसरलेली असते. त्यातून ‘अमुक पट्ट्याला शिवून मग वर’ असा नियम निघत नाही. आणि प्रवाहाचा अंदाज येतो म्हणजे भावाचा येतो असंही नाही, कारण समोरचे मार्केट मेकर तोच प्रवाह ओळखून भाव आधीच हलवतात.

खास ऑर्डर ब्लॉक आणि एफव्हीजीसाठी मात्र असा पुरावा, म्हणजे नियम आधी लिहिलेले, खर्च धरलेला, तुलनेचा गट ठेवलेला आणि दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलेला, माझ्या पाहण्यात आलेला नाही. यूट्यूबवरच्या बॅकटेस्टमध्ये यातली निदान दोन अंगं तरी गळालेली असतात, बहुधा खर्च आणि तुलना.

स्मार्ट मनी खरोखर कसा कमावतो याची एक झलक हवी असेल तर सेबीचा सप्टेंबर 2024 चा अभ्यास बघा. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. 2023-24 मध्ये परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यातला 97 टक्के आणि प्रोप्रायटरी ट्रेडरांच्या नफ्यातला 96 टक्के वाटा अल्गो ट्रेडिंगमधून आला होता. या अल्गोंचे आतले नियम त्या अभ्यासात नाहीत. पण लाल कँडलच्या पट्ट्यात लिमिट लावून बसलेला मोठा माणूस, हे चित्र त्या आकड्यांतून उभं राहत नाही.

‘माझं काही चुकतंय का’ याचं उत्तर तुमच्याच डेटातून काढायचं असेल तर ते असं काढा. आधी नियम कागदावर लिहा, इतके कोरडे की दुसऱ्याने वाचून तोच ट्रेड घेतला पाहिजे. ब्लॉक विकसहित की बॉडीपुरता? एंट्री गॅपच्या कडेला की मध्यावर? पहिलाच स्पर्श की दुसराही चालेल? किती कँडलनंतर गॅप रद्द? अशा चार प्रश्नांना दोन-दोन उत्तरं असली तरी सोळा पद्धती होतात. त्यातली सगळ्यात चांगली निवडून तिचा निकाल दाखवला तर तो जवळजवळ नेहमीच चांगला दिसणार. म्हणून निवड अर्ध्या डेटावर करा आणि निकाल उरलेल्या अर्ध्यावर वाचा.

बॅकटेस्ट करताना भविष्यात डोकावणं फार सोपं असतं. वरच्या कोडमध्ये कँडलला मिळणारी वेळ ही तिच्या सुरुवातीची असते. तिसऱ्या कँडलवर 10:25 लिहिलं असेल तर गॅप कळते 10:30 ला, एंट्री त्यानंतरच मोजायची. ब्लॉकचं तर अजून उशिरा. स्विंग हाय ठरायला उजवीकडच्या काही कँडल लागतात, आणि तो तुटल्याशिवाय ब्लॉक ‘सिद्ध’ होत नाही. चार्टवरचा इंडिकेटर मात्र चौकट मागे नेऊन त्या लाल कँडलवर काढतो, त्यामुळे ती सुरुवातीपासूनच तिथे होती असं वाटतं. लाइव्ह आणि मागचा चार्ट यांत तुम्हाला जो फरक जाणवतोय त्यातला मोठा वाटा मला इथे दिसतो. एकाच कँडलमध्ये स्टॉप आणि टार्गेट दोन्ही लागले तर 1 मिनिटाचा डेटा बघा, तिथेही कळलं नाही तर तोटा धरा.

आणि ऑस्लरबाईंसारखा तुलनेचा गट ठेवा, त्याशिवाय काही अर्थ नाही. मी दोन गट ठेवतो. एकात तोच ट्रेड, तोच 42 चा स्टॉप, तेच 84 चं टार्गेट, फक्त एंट्रीचा पट्टा गॅपपासून स्वैरपणे वर किंवा खाली सरकवलेला. दुसऱ्यात मधली कँडल तितकीच मोठी, पण गॅप न पडलेली. हा दुसरा गट जास्त महत्त्वाचा आहे. एफव्हीजी दिसते तिथे जोरदार हालचाल झालेलीच असते. फायदा दिसला तर तो गॅपचा की नुसत्या मोमेंटमचा, हे या गटाशिवाय कळत नाही. दोन्हीकडे निकाल सारखा आला तर गॅप काढण्याची तसदी कशाला घ्यायची?

संख्येबद्दल बोलायलाच हवं, कारण टेलिग्रामवरचे स्क्रीनशॉट इथेच फसवतात. 33 टक्क्यांच्या छापा-काट्यावर 20 ट्रेड घेतले तर त्यात 10 किंवा जास्त जिंकण्याची शक्यता सुमारे 9 टक्के असते. शंभर जणांनी डोळे मिटून ट्रेड घेतले तर नऊ जण ‘50 टक्के अचूकता, एकास दोन’ असा निकाल घेऊन बाहेर येतील, आणि ग्रुप काढतील तेच नऊ. 200 ट्रेड घेतले तर नशिबाचा पट्टा आवळून बहुधा 27 ते 40 टक्क्यांत येतो. म्हणजे 200 ट्रेडनंतर 41 च्या वर असाल तर काहीतरी आहे असं म्हणायला जागा होते. खर्च वजा जाऊन नफा राहतो असं जरा विश्वासाने म्हणायचं तर 48 च्या आसपास हवेत. एकाच दिवशी एकाच चढाईत घेतलेले चार ट्रेड चार धरू नका, ते जवळपास एकच आहेत.

हे सगळं होईपर्यंत ब्लॉक वापरायचाच नाही का? वापरा, पण कामाची वाटणी बदला. स्टॉप कुठे ठेवायचा आणि त्यानुसार किती लॉट घ्यायचे हे ठरवायला ब्लॉकचा लो ही काही वाईट जागा नाही. दिवसाच्या लोपेक्षा किंवा आदल्या स्विंगपेक्षा ती चांगली आहे असं मात्र समजू नका. दिशा सांगण्याचं काम तिच्यावर टाकू नका. गॅपच्या कडेपाशी 24,800 किंवा 25,000 सारखा गोल आकडा आला असेल तर त्याची वेगळी नोंद ठेवा, कारण तिथे निदान शोधण्यासारखं काही आहे.

आत्तापर्यंतच्या तुमच्या ट्रेडची नोंद असेलच. त्यातले नियमात बसणारे वेगळे काढा, प्रत्येकासमोर काँट्रॅक्ट नोटवरचा खर्च लिहा आणि आधी फक्त एवढंच बघा की ते किती आहेत आणि किती टक्के जिंकले. मग त्याच दिवसांचा 1 मिनिटाचा डेटा घेऊन 9:15 ची आणि 9:17 ची, दोन्ही मालिका चालवा. दोन्हींचे आकडे इथेच खाली टाका, व्याख्येसकट. त्यावर पुढचं बोलू.